विहिरीवरील कॅमेऱ्याची बॅटरी लवकर का उतरते?

पंप व केबल यांच्या चोरीस आळा बसावा म्हणून पुष्कळ शेतकरी विहिरीवर बॅटरीचा कॅमेरा बसवितात. सोबत लहान सौर पट्टी असते. उन्हाळ्यात कॅमेरा बिनतक्रार चालतो. आषाढात मात्र तीन-चार दिवसांतच बंद पडतो, आणि दोष ढगांना दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

असा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. समोरून ऊब असलेली वस्तू हलली की तो जागा होतो, चित्रण करतो व ते मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवितो. खरा खर्च या जागेपणाचा होय. समजा, बॅटरी 22 वॅट-तासांची आहे. झोपेत दिवसाला सुमारे 1 वॅट-तास लागतो. जागेपणी दर तासाला अडीच. दिवसात 40 वेळा अर्धा-अर्धा मिनिट चित्रण झाले, तर एकूण खर्च दोनच्या आत राहतो व पट्टीवाचूनही बॅटरी अकरा दिवस पुरते. परंतु समोर केळीची पाने वाऱ्याने हलत असतील व कॅमेरा 400 वेळा जागा होत असेल, तर खर्च नऊवर जातो. 5 वॅटची पट्टी स्वच्छ उन्हात बारा-तेरा वॅट-तास देते, म्हणून उन्हाळ्यात हा दोष झाकला जातो. दाट ढगांत तीच पट्टी जेमतेम दोन देते. पहिला कॅमेरा तेवढ्यावर तगतो, दुसरा तीन दिवसांत थांबतो.

म्हणून प्रथम दिवसभरात किती वेळा चित्रण झाले ते मोबाइलवर मोजावे. त्यांत माणसे थोडी व पानेच फार दिसली, तर फांद्या छाटाव्यात, कॅमेऱ्याचे तोंड खाली वळवावे व संवेदन कमी करावे. घराच्या दारावरील कॅमेऱ्याची घंटा रस्त्याकडे तोंड करून असेल, तर तिचीही हीच गत होते. मोबाइलचे जाळे क्षीण असल्यास चित्र पाठविण्यास वेळ व शक्ती दोन्ही अधिक लागतात. खांब उंच केल्यास कधी कधी फरक पडतो. मालक तालुक्याच्या गावी बसून अर्धा तास थेट चित्र पाहत राहिला, तर वरील 40 चित्रणांहून अधिक वीज जाते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे 20 अंश कलती बसवावी. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीदेखील उत्पन्न फार घटविते. कॅमेरा तापत्या पत्र्याला चिकटवू नये. फार तापलेली बॅटरी ऊन असूनही भरून घेत नाही.

पावसाळ्यात पट्टीच्या भरवशावर न राहता आठवड्याचा एक वार, उदाहरणार्थ बाजाराचा, ठरवून बॅटरी घरी भरावी. ती काढता येण्याजोगी असल्यास जोडीला दुसरी ठेवावी, म्हणजे विहीर एक रात्रही उघडी राहत नाही. भरणा 30 टक्क्यांवर आला की वाराची वाट पाहू नये.