लूज पावडर: डब्यात पारदर्शक, फोटोत पांढरी का? (आणि एसपीएफच्या स्टिकरचं गणित)

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणींनी विचारलं होतं, "ताई, सावळ्या ग्राहकांसाठी कुठली लूज पावडर ठेवायची?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी माझी चूक सांगते. दुकान सुरू केलं त्या वर्षी मी 'ट्रान्सलुसंट' लिहिलेल्या पावडरचे २४ डबे एकदम उचलले. माझा हिशोब सोपा होता: ही पावडर पारदर्शक, म्हणजे सगळ्यांना चालेल, म्हणजे शेडचा स्टॉक करायची भानगडच नको. आपल्या काल्हेर-भिवंडी पट्ट्यात आगरी घरांतली हळद रात्री असते, मंडप, डीजे, आणि फोटोग्राफर समोरून फ्लॅश मारतोय. एका ब्युटिशियनने हीच पावडर एका सावळ्या नवरीला लावली. आरशात मेकअप सुंदर होता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "ताई, फोटोत नवरीचं तोंड पिठात बुडवल्यासारखं आलंय." पाठोपाठ उरलेले डबे परत आले. फोटो मात्र परत काढता येत नाहीत, आणि त्या बाईची पुढची ऑर्डर गेली ती गेलीच.

यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. हा प्रकार का होतो ते कळलं, की माल निवडणं सोपं जातं.

बहुतेक ट्रान्सलुसंट पावडरमध्ये सिलिका असते. सिलिकाचे बारीक गोळे चेहऱ्याचं तेल शोषतात आणि त्या तेलात भिजले की जवळजवळ दिसेनासे होतात. पण थर जाड असेल तर वरचे कण कोरडेच राहतात. त्यांच्यामध्ये हवा असते, आणि कोरडे कण उजेड सगळीकडे उधळतात. खोलीतल्या ट्यूबलाइटमध्ये उजेड चारही बाजूंनी येतो, त्यामुळे हे जाणवत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र लेन्सच्या शेजारूनच सुटतो. कणांवर आपटून परत फिरलेला उजेड थेट लेन्समध्ये शिरतो आणि तिथे पांढरा डाग दिसतो. गोऱ्या कातडीवर तो खपून जातो. गडद कातडीवर फरक मोठा असतो, म्हणून लगेच डोळ्यात भरतो.

दुसरा गुन्हेगार टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. हा तेलात भिजला तरी पांढराच राहतो, म्हणजे पातळ थरातही राखाडी छटा देतो. झिंक ऑक्साइड त्याच्यापेक्षा सौम्य, पण जात तीच.

त्या फोननंतर मी एका संध्याकाळी दुकान बंद करून तीन डबे घेऊन बसले. पहिला, निव्वळ सिलिकाचा पांढरा. दुसरा, टाल्क, टायटॅनियम आणि झिंकवाला, वर 'एसपीएफ १५' छापलेला. तिसरा, गडद तपकिरी झाक असलेला. चेहरा आमच्या दुकानातल्या मदतनीस मुलीचा, रंग चांगला सावळा. आधी नुसतं सनस्क्रीन आणि फाउंडेशन लावून फ्लॅशचा फोटो घेतला. ही पायरी सोडू नका, कारण पुष्कळदा पांढरेपणा खालच्या सनस्क्रीनमधून येतो आणि शिव्या पावडर खाते. तो फोटो स्वच्छ आल्यावर एकेक पावडर पाळीपाळीने लावली, प्रत्येक वेळी उजव्या गालावर हलका हात आणि डाव्या डोळ्याखाली ब्युटिशियन 'बेकिंग' करतात तसा जाड थर. दिवा बंद, चार-पाच फुटांवरून फ्लॅश.

पहिली पावडर ट्यूबलाइटमध्ये तिघींत सगळ्यात छान दिसत होती. फ्लॅशमध्ये गाल ठीक आला, डोळ्याखाली मात्र पांढरा चंद्र. त्यावर सेटिंग स्प्रे मारला, स्पंजने दाबलं, पाच मिनिटं थांबले. डाग बराच बसला. दुसऱ्या पावडरने गालही राखाडी केला, आणि स्प्रेने काही फरक पडला नाही. हीच खूण लक्षात ठेवा: ओलाव्याने दबला तर तो बहुधा सिलिकाचा जाड थर, नाही दबला तर टायटॅनियमचा संशय घ्या. तिसरी दोन्हीकडे चालली, कारण तिच्यात आयर्न ऑक्साइडचा रंग होता.

मोबाइलचा फ्लॅश फोटोग्राफरच्या फ्लॅशपेक्षा कमजोर असतो. म्हणून मोबाइलवर नापास झालेला डबा नापासच, पण पास झालेला अजून पक्का पास नाही. ओळखीच्या फोटोग्राफरला एक चहा पाजा आणि समोरून थेट फ्लॅश मारून बघा. हातावर लावून बघणं पुरेसं नाही. कपाळ आणि जबड्याची कड बघा.

डब्यावर यादी वाचताना: आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात. सिलिका पहिली असेल तर थर हलका ठेवायचा. टायटॅनियम नावाने नसेल तर सीआय ७७८९१ हा नंबर शोधा, तो तोच आहे. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे आयर्न ऑक्साइड, आपल्या सावळ्या ग्राहकांचे मित्र. रंगद्रव्यं बऱ्याचदा यादीच्या शेवटी एकत्र लिहितात, तेव्हा तिथल्या क्रमावरून प्रमाण काढू नका. यादी नसलेला डबा मी आता घेतच नाही.

आता एसपीएफ. ग्राहक विचारते, "ताई, यात एसपीएफ आहे ना, मग सनस्क्रीन कशाला?" प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम माल लावतात. चेहरा ढोबळ ६०० चौरस सेंटिमीटर धरा, म्हणजे १.२ ग्रॅम झाले. सोनाराच्या छोट्या काट्यावर मी डबा आणि पफ एकत्र, मेकअपच्या आधी आणि नंतर, तोलला. फरक ०.१५ ग्रॅम. म्हणजे लागणाऱ्या मालाच्या आठव्या हिश्शाएवढा! पूर्ण १.२ ग्रॅम लावले तर ८ ग्रॅमचा डबा सहा-सात वेळांत संपेल, आणि चेहरा कसा दिसेल ते सांगायला नको.

म्हणजे छापलेला आकडा खोटाच असतो असं नाही. तो आपल्या हाताच्या मापाला लागू पडत नाही, एवढंच. सनस्क्रीनचा ५० आणि पावडरचा १५ मिळून ६५ होतात हेही काउंटरवर बोलू नका. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. यूव्हीएसाठी 'पीए' आणि पुढची अधिकची चिन्हं बघायची. आणि आकडा मोठा छापलाय, पण यादीत झिंक, टायटॅनियम किंवा दुसरा कुठलाही सनस्क्रीन घटक दिसत नसेल, तर सेल्समनने कितीही स्कीम दिली तरी तो डबा उचलू नका.

गंमत बघा, पावडरला ऊन अडवायला जे झिंक-टायटॅनियम लागतं, तेच फ्लॅशमध्ये पांढरं दिसतं. म्हणून मी ग्राहकाला पहिला प्रश्न वेळेचा विचारते. रात्रीची हळद असेल तर एसपीएफवाली पावडर मी दाखवतच नाही. दुपारचं लग्न असेल तर खाली सनस्क्रीन लोशन, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, ते बसायला पंधरा मिनिटं, आणि वर तिच्या रंगाची झाक असलेली पावडर हलक्या हाताने.

स्टॉकचं म्हणाल तर २४ च्या पेटीऐवजी तीन शेडचा एकेक डबा आणा: पिवळसर, मध्यम तपकिरी, गडद तपकिरी. पिवळसर शेडवर आंधळा विश्वास नको, त्यातही कधी कधी टायटॅनियम भरपूर असतं. वरची चाचणी तीन वेगवेगळ्या रंगांच्या चेहऱ्यांवर करा, फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा, आणि मगच सहा-सहा डब्यांची ऑर्डर द्या. माझ्याकडे गडद शेड सगळ्यात आधी संपते. घाऊकवाला मात्र अजूनही पांढरीच पेटी आधी पुढे सरकवतो.