गाळलेल्या जागेत 'अगच्छत्' की 'जगाम'?

संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत 'कंसातील धातूचे योग्य रूप लिहा' हा प्रश्न गुणांच्या दृष्टीने किरकोळ. पण निकालानंतर विद्यार्थी माझ्याकडे भांडायला येतात ते बहुधा याच प्रश्नावरून. कारण भूतकाळासाठी संस्कृतात एक नव्हे, तीन लकार आहेत: लङ्, लुङ् आणि लिट्. मराठीत 'तो गेला' म्हटले की भागते. संस्कृतात मात्र अगच्छत्, अगमत् आणि जगाम ही तिन्ही रूपे त्याच 'गेला'च्या जागी बसू शकतात. उत्तरसूचीत त्यांपैकी एकच छापलेले असते. ते कोणते, हे कसे ओळखावे?

मी गेली अनेक वर्षे उज्जैनला संस्कृत शिकवतो. या गावात 2008 पासून खुद्द पाणिनींच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. तेव्हा येथील संस्कृतच्या शिक्षकाने तरी उत्तरसूची करताना पाणिनींना विसरू नये. मी एकदा विसरलो. झाले ते असे.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या एका चाचणीत मी पुढील तीन वाक्ये घातली होती.

(१) अहं ह्यः सायं क्षिप्रातटे कथाम् ...... (श्रु)।
(२) तस्यां कथायां राजा वनम् ...... (गम्)।
(३) अद्य प्रातः अहं विद्यालयम् ...... (गम्)।

माझी उत्तरसूची अशी होती: अशृणवम्, अगच्छत्, अगच्छम्. तिन्ही ठिकाणी लङ्. वर्गातील एका मुलीने लिहिले होते: शुश्राव, जगाम, अगमम्. तिला मी तीनपैकी शून्य दिले. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली आणि दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "सर, राजा वनात गेला तो तुम्ही पाहिला होता का?"

मी हसलो खरा. पण प्रश्न बिनतोड होता. पाणिनींच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात या तीन लकारांची वाटणी सांगितली आहे. लुङ् हा सर्वसाधारण भूतकाळ. घटना आजची नसेल, म्हणजे 'अनद्यतन' असेल, तर लुङ् मागे सरतो आणि लङ् येतो. आजची नाही आणि शिवाय बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलीही नाही, म्हणजे 'परोक्ष' आहे, तर लिट्. थोडक्यात, गाळलेल्या जागेला दोन प्रश्न विचारायचे: घटना आजची आहे का? आणि वक्त्याच्या डोळ्यांसमोर घडली आहे का?

ही कसोटी तिच्या पेपराला लावून पाहू. दुसऱ्या वाक्यातला राजा कथेतला आहे, त्याचे वनगमन परोक्ष आहे. तेव्हा 'जगाम' बरोबर, किंबहुना माझ्या 'अगच्छत्'पेक्षा अधिक बरोबर. तिसऱ्या वाक्यात 'अद्य' हा शब्द छापलेला आहे. आजच्या घटनेला लङ् चालत नाही, तेव्हा तिचा 'अगमम्' बरोबर आणि माझा 'अगच्छम्' पाणिनींच्या दृष्टीने चूक. आता राहिले पहिले वाक्य. तिथे मी तिला विचारले, "काल कथा ऐकताना तू झोपली होतीस का?"

या प्रश्नामागेही शास्त्र आहे. 'अहम्' कर्ता असेल तर स्वतःची क्रिया परोक्ष कशी असणार? म्हणून उत्तमपुरुषात लिट् सहसा येत नाही. येतो तो झोपेत किंवा नशेत केलेल्या गोष्टीबद्दल, जी मागाहून दुसऱ्याकडून कळते. पतंजलींनी महाभाष्यात याच ठिकाणी शाकटायन या वैयाकरणाची गंमत सांगितली आहे. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता! डोळे उघडे असून मन जागेवर नसेल तर तेही परोक्षच. पण माझ्या वाक्यात असे काही सुचवलेले नव्हते. 'ह्यः' होते आणि 'अहम्' होते. म्हणून तेथे लङ् हेच उत्तर, आणि तिचा 'शुश्राव' चूक. तिला तीनपैकी दोन गुण मिळाले.

आता कोणी विचारील, बाकीच्या ज्या मुलांनी 'अगच्छत्' लिहिले त्यांचे काय? त्यांचे गुण मी काढून घेतले नाहीत. परोक्ष घटनेलाही लङ् कधी चालतो, हे कात्यायनांनी सांगितले आहे: घटना लोकप्रसिद्ध हवी आणि वक्त्याला ती पाहता आली असती अशी हवी. पतंजलींचे उदाहरण यवनाने साकेत नगरीला घातलेल्या वेढ्याचे आहे, आणि तेथे क्रियापद 'अरुणत्' असे लङ् चे आहे. वेढा त्यांच्या हयातीतला असावा, असे अभ्यासक याच रूपावरून अनुमान करतात. एका लकारावरून ग्रंथकाराचा काळ ठरवण्याचा हा प्रयत्न पाहिला म्हणजे गाळलेल्या जागेतला एक गुण फारसा क्षुल्लक वाटत नाही. उलट कृष्णाने कंसाला मारले, ही गोष्ट प्रसिद्ध खरी, पण वक्त्याला दिसण्याजोगी नाही. तेथे 'जघान' असा लिट् आहे. माझा कथेतला राजा कंसाच्या पंक्तीत बसतो, साकेताच्या नव्हे. तरीही 'मला परोक्षपणा सांगायचाच नाही, फक्त आजच्या आधीचे सांगायचे आहे' अशी वक्त्याची विवक्षा धरली तर लङ् ला दोष देता येत नाही. कवींनी हे स्वातंत्र्य भरपूर घेतले आहे. काव्यांत हे तिन्ही लकार एकमेकांच्या जागी सर्रास येतात. म्हणून 'अमुक काव्यात असे आहे' हा युक्तिवाद उत्तरसूचीपुढे टिकत नाही.

'आज' म्हणजे कुठून कुठपर्यंत, हाही प्रश्न वर्गात हटकून निघतो. काशिकावृत्तीत दोन मते दिली आहेत: रीतसर उठण्याच्या वेळेपासून रीतसर निजण्याच्या वेळेपर्यंतचा काळ तो आज, किंवा एका मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीपर्यंतचा. उज्जैनला हा वाद परका वाटायला नको. येथून जाणाऱ्या मध्यरेषेवरून काळ मोजणाऱ्या ज्योतिषांतही दिवस सूर्योदयापासून धरणारे आणि मध्यरात्रीपासून धरणारे असे दोन पक्ष होते. वैयाकरणांचा एक बारकावा तर फारच मौजेचा आहे. पहाटे कोणी विचारले, 'रात्री कुठे राहिलात?' तर रात्रभर जागा असलेल्याने लुङ् वापरून 'अवात्सम्' म्हणावे, आणि क्षणभर जरी डोळा लागला असेल तर लङ् वापरून 'अवसम्'. झोप लागली की आदला दिवस संपला! असे वाक्य प्रश्नपत्रिकेत येण्याची भीती बाळगू नका. मात्र 'अद्य', 'ह्यः', 'परह्यः' असे शब्द दिसले की त्यांच्याखाली आधी रेघ ओढा.

हे सर्व झाले शास्त्राचे. पण परीक्षार्थ्याने त्याही आधी एक गोष्ट पाहावी: अभ्यासक्रमात कोणते लकार नेमले आहेत? शालेय पुस्तकांत बहुधा लट्, लङ्, लृट्, लोट् आणि विधिलिङ् हे पाचच असतात. तेथे लुङ् आणि लिट् शिकवलेलेच नसतात, म्हणून 'अद्य प्रातः' असले तरी सूचीत 'अगच्छम्' असणार. भविष्याचेही तसेच. 'श्वः आचार्यः उज्जयिनीम् ...... (आ + गम्)' या वाक्यात घटना उद्याची, म्हणजे अनद्यतन, म्हणून पाणिनींच्या मते लुट्: 'आगन्ता'. शाळेची सूची 'आगमिष्यति' म्हणेल, आणि पदवीच्या वर्गात लुट् चा पाठ झाल्यावर आलेला प्रश्न 'आगन्ता' मागेल. वाक्य तेच, उत्तरे दोन. धडा कोणता, एवढाच फरक.

दुसरा पुरावा छापलेल्या वाक्यातच असतो, पण घाईत तो दिसत नाही. पुढील वाक्य पाहा: 'पुरा अस्मिन् नगरे कश्चन वणिक् ...... (वस्)।' येथे अवसत् आणि उवास तर चालतातच. शिवाय 'पुरा' शब्दामुळे पाणिनी लुङ् चे अवात्सीत् आणि चक्क वर्तमानाचे वसति यांनाही परवानगी देतात. चार रूपे! पण जागेनंतर 'स्म' छापलेले असेल तर तीन तात्काळ गळतात आणि 'वसति' एकटे उरते. माझ्या अनुभवात 'स्म' न पाहता 'अवसत् स्म' लिहिणारे दर वर्षी निघतात. कंसातला धातूही बोलतो. कंसात 'अस्' असेल तर 'आसीत्' अपेक्षित आहे असे समजावे, कारण लिट् मध्ये 'अस्'च्या जागी 'भू' येऊन 'बभूव' होते, आणि 'बभूव' हवे असते तर परीक्षकाने बहुधा 'भू' हाच धातू दिला असता.

आपल्या मराठीची सवय एके ठिकाणी मात्र दगा देते. हाक मारली की आपण 'आलोच' म्हणतो. येथले हिंदी बोलणारेही 'अभी आया' म्हणतात. पाऊल अजून उचललेले नाही आणि क्रियापद भूतकाळी. त्यामुळे 'कदा आगमिष्यसि?' या प्रश्नावर 'एषः ...... (आ + गम्)' असे उत्तर भरायचे असले की मुले 'आगच्छम्' लिहून मोकळी होतात. अगदी नजीकच्या भविष्यासाठी पाणिनींनी विकल्पाने वर्तमानाचे रूप दिले आहे. म्हणजे 'आगच्छामि' आणि 'आगमिष्यामि' दोन्ही शुद्ध. सूचीत कोणते असेल? 'एषः' म्हणजे 'हा बघ मी'. हा शब्द मुद्दाम घातला आहे तो 'आगच्छामि' काढून घेण्यासाठीच. तो नसता तर प्रश्नातल्या 'आगमिष्यसि'ला जुळणारे 'आगमिष्यामि' लिहिणे सुरक्षित.

आणि ज्या वाक्यात कालवाचक शब्द नाही, 'स्म' नाही, 'अहम्' नाही, मागचेपुढचे वाक्यही नाही, तेथे काय? 'रामः ग्रामम् ...... (गम्)।' असे वाक्य सोडवता येत नाही, कारण त्यात सोडवण्यासारखे काहीच ठेवलेले नाही. तेथे दोष प्रश्न काढणाऱ्याचा. त्याच प्रश्नातल्या इतर वाक्यांत जो लकार चालला आहे तो लिहावा आणि पुढे जावे. दोन रूपे तिरप्या रेघेने लिहू नयेत. परीक्षक त्याला शंका समजतो. एकच रूप लिहून समोर लकाराचे नाव लिहावे. मग निदान तुम्ही काय धरून चालला होता ते तपासणाऱ्याला कळते, आणि गुणांसाठी भांडताना हातात काही असते.

माझ्या त्या तीन वाक्यांत मी नंतर थोडी दुरुस्ती केली. पहिले तसेच ठेवले. तिसऱ्याची उत्तरसूची बदलली. दुसऱ्यात 'राजा'नंतर 'किल' हा एक शब्द घातला. 'म्हणे' असा त्याचा अर्थ; म्हणजे ऐकीव गोष्ट. पुढच्या वर्षी 'जगाम' लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, आणि 'अगच्छत्' लिहिणारा एक विद्यार्थी पेपर घेऊन माझ्याकडे आला.