मिरचीची आग आणि पोटातली जखम

भोकरदन तालुक्यात हिरवी मिरची भरपूर पिकते, आणि राजूरच्या आसपास पोटाची कुठलीही तक्रार ठेच्याच्या नावावर खपते. ‘तिखट खाऊन आतडी जळाली’ हे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होतं. मला हे निदान धोक्याचं वाटतं, कारण त्यात आग आणि जखम यांची गल्लत आहे.

मिरची उभी चिरली की बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिथेच कॅप्सेसिन तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर चटका बसला की ते उघडतं आणि मेंदूला इशारा देतं. कॅप्सेसिन तेच प्रथिन गार तोंडातही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ साली शोधलं, २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे जीभ भाजलेली नसते, भाजल्याची वर्दी तेवढी गेलेली असते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाण्यापेक्षा दूध-दही बरं. मिरची तोडून हात भगभगले तर आधी तेल चोळावं, मग साबणाने धुवावं.

असेच तंतू जठरातही आहेत. ते चेतवले की अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे संरक्षणच होतं. १९८८ साली अमेरिकेत निरोगी माणसांच्या जठरात नळीने वाटलेली मिरची सोडून दुर्बिणीने पाहिलं, तर अस्तर शाबूत होतं. त्याच अभ्यासात साध्या जेवणासोबत अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या बहुतेकांच्या अस्तरावर मात्र ओरखडे उठले होते. अल्सरची मुख्य कारणं दोनच: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि दुखणं दाबणाऱ्या गोळ्या.

मग तिखट सोडल्यावर बरं का वाटतं? कारण चिघळलेल्या भागातल्या तंतूंना डिवचणं थांबतं. जखम तिथेच राहते, जंतूही राहतो, आणि कंबरदुखीची गोळी तर चालूच असते. (ती गोळी कुणी ‘खाण्यात’ धरतच नाही.) निरोगी जठरावरचा प्रयोग आजारी जठराला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. आम्लपित्त वर येणाऱ्यांना, हळव्या आतड्यांच्या माणसांना तिखटाने खरोखर त्रास होतो. त्यांनी ते कमी करावं. पण जेवणाच्या वेळा बदलल्या की कमी-जास्त होणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आठवडेच्या आठवडे टिकली, तर जंतूची तपासणी मागावी आणि डॉक्टरला चालू गोळ्यांची पाकिटं दाखवावीत. जंतू निघाला तर प्रतिजैविकांचा साधारण चौदा दिवसांचा कोर्स असतो. बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडू नये. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थांबू नये, त्याच दिवशी जालन्याला मोठ्या दवाखान्यात जावं.