सोळा वेळा जिंकूनही चाळीस पौंड गेले कुठे?

प्रश्न : माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त आमच्याकडे लीस्टरला राहतात. रात्री जेवण झालं की फोनवर ते मोठ्या रंगीत चाकाचे लाइव्ह गेम शो लावून बसतात. ‘वहिनी, हा खेळ शंभरातले शहाण्णव परत देतो, चार गेले तर करमणुकीचे समजायचे,’ असं त्यांचं म्हणणं. परवा मी शेजारी बसून वहीत टिपत गेले. त्यांनी दर फेरीला फक्त ‘१’ या आकड्यावर पाच पौंड लावले. चाळीस फेऱ्यांत सोळा वेळा ‘१’ आला, तरी शेवटी चाळीस पौंड कमी झाले. दोनशेतले चाळीस म्हणजे वीस टक्के. मग शहाण्णव टक्के खोटे का? की चाकात काही गडबड आहे?
— एक वाचक, लीस्टर

उत्तर : वहीतल्या नोंदीने अर्धं काम केलेलं आहे. गडबडीचा संशय घेण्याआधी चाकावरचे कप्पे मोजावे लागतात.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला शो म्हणजे इव्होल्यूशन या कंपनीचा, २०२० साली सुरू झालेला ‘क्रेझी टाइम’. लॅटव्हियातल्या रीगा शहरातल्या स्टुडिओत खरंखुरं, माणसाने हाताने फिरवायचं चाक असतं आणि त्याचं थेट चित्रण जगभर दिसतं. चाकावर सारख्या रुंदीचे ५४ कप्पे आहेत. त्यातले २१ कप्पे ‘१’चे, १३ ‘२’चे, ७ ‘५’चे आणि ४ ‘१०’चे. उरलेले ९ बोनस खेळांचे : कॉइन फ्लिपचे चार, कॅश हंट आणि पाचिंको यांचे दोन-दोन, आणि ज्याच्या नावाने शो चालतो त्या क्रेझी टाइमचा एकच.

आता ‘१’चा हिशेब. ‘१’ लागला की पाच पौंडांवर पाच मिळतात आणि लावलेले पाच परत येतात, म्हणजे हातात दहा. ५४ फेऱ्यांत सरासरी २१ वेळा असं होणार. ५४ फेऱ्यांत लावले २७० पौंड, परत आले २१० पौंड. शंभराला ७७ पौंड ७८ पेन्स. शहाण्णव नव्हे, अठ्ठ्याहत्तरसुद्धा नाही!

दिरांच्या चाळीस फेऱ्यांत सरासरीने साडेपंधरा वेळा ‘१’ यायला हवा होता, आला सोळा वेळा. म्हणजे चाकाने त्यांना हक्काच्या वाट्यापेक्षा किंचित जास्तच दिलं. सोळा गुणिले दहा, १६० पौंड हातात आले आणि ४० गेले. चाक अगदी सरळ वागलं, आणि सरळ वागलेल्या चाकाचा निकाल हाच असतो.

मग कंपनी ‘१’साठी ९६.०८ टक्के परतावा जाहीर करते, तो आकडा येतो कुठून? तो चाकावर नाहीच, चाकाच्या वर आहे. प्रत्येक फेरीत चाक फिरत असताना डोक्यावरचा ‘टॉप स्लॉट’ नावाचा दोन पट्ट्यांचा यंत्र-डावही फिरतो. एका पट्टीवर पैजेची जागा येते, दुसरीवर पट : दुप्पट, पाचपट, दहापट वगैरे. दोन्ही एका रेषेत थांबले तरच ती पट त्या जागेला लागू होते. त्यात आणखी अट अशी, की त्याच फेरीत चाकही त्याच जागेवर थांबायला हवं. वर ‘१ – दहापट’ जुळलं आणि खाली काटा ‘२’वर टेकला, तर मिळालं काहीच नाही.

दिरांच्या लावलेल्या दोनशे पौंडांचे जाहीर परताव्याने १९२ पौंड १६ पेन्स व्हायला हवेत. नुसत्या कप्प्यांतून होतात १५५ पौंड ५६ पेन्स. मधले ३६ पौंड ६० पेन्स हे सगळे टॉप स्लॉटच्या वाटेने यायचे असतात. तेही चाळीस फेऱ्यांत पसरून नव्हे, तर कधीतरी गठ्ठ्याने.

हा गठ्ठा किती विरळ असतो हे कळण्यासाठी हिशेब मुद्दाम सोपा करू. समजा, टॉप स्लॉट ‘१’ला फक्त दहापटच देतो. (खऱ्या खेळात लहान पटी जास्त वेळा आणि मोठ्या क्वचित येतात.) ती लागली की पाचाऐवजी पन्नास मिळतात, म्हणजे ४५ पौंड वरचे. जाहीर परतावा खरा ठरायचा तर असा योग साधारण पन्नास फेऱ्यांतून एकदा यायला हवा. मग चाळीस फेऱ्यांच्या बैठकीत तो एकदाही न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ४४ निघते. दिरांची ती रात्र म्हणजे काही अघटित नव्हतं.

मल्टिप्लायर ही कॅसिनोने वरून दिलेली बक्षिसी नव्हे, हा या खेळाच्या रचनेतला कळीचा मुद्दा आहे. ते खेळणाऱ्यांचेच पैसे असतात. नेहमीच्या फेरीत ‘१’वर लावलेल्या शंभरातले बावीस कापून ठेवायचे, त्यातले अठरा अधूनमधून कोणाच्या तरी पदरात ढोल वाजवून टाकायचे आणि चार ठेवून घ्यायचे. पडद्यावर ढोल दिसतो. कापणं दिसत नाही, कारण ते २१ या आकड्यात आहे आणि चाक फिरत असताना कप्पे कोणी मोजत बसत नाही.

या चाकाचा आजोबा या बाबतीत बराच रोखठोक होता. अमेरिकेतल्या कॅसिनोंत ‘बिग सिक्स’ नावाचं ५४ कप्प्यांचंच उभं चाक असतं. नेहमीच्या मांडणीत त्यावर ‘१’चे २४ कप्पे असतात. तोच हिशेब लावला तर कॅसिनोचा वाटा शंभरात ११ निघतो. पाचाच्या सात कप्प्यांवर तो २२ होतो. आपल्याकडच्या जत्रेतल्या चक्रीवाल्याचा धंदा याहून वेगळा नाही. बिग सिक्स महाग आहे हे जुगाराचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. नव्या शोने ‘१’चे कप्पे २४वरून २१वर आणले, म्हणजे साधा परतावा आणखी खाली ओढला, आणि वाचलेला पैसा बोनसकडे वळवला. एकूण वाटा कमी झाला हे खरं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण परतावा असा गठ्ठ्यांत गेल्यावर एका रात्रीपुरतं खेळणाऱ्याला जुन्या चक्रीचाच अनुभव येतो.

दीर कधी चारही बोनसवर एकेक पौंड लावत असतील तर तिथलं चित्र आणखी टोकाचं आहे. बोनसचे कप्पे नऊ, म्हणून सहातल्या पाच फेऱ्यांत चारही पौंड जातात. सलग दहा फेऱ्या कोऱ्या जाण्याची शक्यता शंभरात सोळा आहे, म्हणजे अधूनमधून तसं व्हायचंच. एकट्या क्रेझी टाइमच्या कप्प्याचा जाहीर परतावा ९४.४१ टक्के आहे. तो ५४ फेऱ्यांतून सरासरी एकदा लागतो. यावरून तो लागला की सरासरी लावलेल्या रकमेच्या ५१ पट हाती येतात, तेही टॉप स्लॉटची पट धरून. ज्या हजारो पटींच्या चित्रफिती फिरतात त्या याच सरासरीत मोजलेल्या आहेत. एखाद्याला हजारपट मिळून सरासरी ५१च राहायची, तर बाकीच्या पुष्कळांना ५१हून बरंच कमी मिळालेलं असणार. चाळीस फेऱ्यांत हा कप्पा एकदाही न लागण्याची शक्यता शंभरात ४७, जवळजवळ नाणं उडवल्यासारखी.

‘अगदी शेजारी येऊन थांबलं’ हे वाक्य त्या घरात ऐकू येत असेलच. एका कप्प्याला दोन शेजारी असतात, म्हणून ‘हुकलं’ हे ‘लागलं’च्या दुप्पट वेळा होतं. त्याला कारस्थान लागत नाही, गोल आकार पुरतो. ‘आज सकाळपासून आलेला नाही, आता येणार’ यालाही आधार नाही. मागच्या फेऱ्यांची यादी पडद्यावर असते, पण चाकाला ती वाचता येत नाही.

लीस्टरमध्ये तपासण्याजोगी गोष्ट एकच. खेळाच्या मदत-पानावर प्रत्येक पैजेचा परतावा वेगवेगळा लिहिलेला असतो. तो पाहावा, मग त्या जागेचे कप्पे मोजून, ‘मिळणारे अधिक लावलेला एक’ याने गुणून ५४ने भागावं. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे क्वचित येणाऱ्या गठ्ठ्याच्या भरवशावर टाकलेली रक्कम. ‘२’साठी हे गणित १३ गुणिले ३ भागिले ५४, म्हणजे ७२ टक्के येतं. जाहीर आकडा ९५.९५ आहे. म्हणजे ‘सेफ’ वाटणारा ‘२’ या बाबतीत ‘१’पेक्षाही वाईट.

आणि दिरांना स्वतःलाच थांबायचं असेल तर ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप ही मोफत नोंदणी आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असा काळ निवडता येतो, आणि तेवढा काळ तिथल्या परवानाधारक ऑनलाइन साइट्सना त्यांना खेळू देता येत नाही. नोंदणी ज्याची त्यानेच करायची असते. वहिनींना ती परस्पर करता येणार नाही.

प्रश्न : असंच चाक भारतात एका परदेशी अ‍ॅपवर चालतं. माझ्या भावाला तिथे दोन लाख लागले, पण अ‍ॅप पैसे काढू देत नाही. आधी ‘टॅक्स’ म्हणून तीस हजार भरा म्हणतात. कोर्टात जाता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते तीस हजार भरू नयेत. भारतात ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, पण तो जिंकलेल्या पैशातून कापला जातो. तो आधी खिशातून भरून घेण्याची रीत नाही. ही मागणी फसवणुकीची ओळखीची खूण आहे.

कोर्टाचा रस्ता अवघड आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवण्यावर, त्यांच्या जाहिरातीवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर बंदी आणली आहे. शिक्षा चालवणाऱ्यांना आहे, नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात नाही. त्यामुळे भावाने तक्रार करायला बिचकू नये.

जिंकलेले दोन लाख विसरून खात्यातून प्रत्यक्ष गेलेल्या पैशांचा पाठपुरावा करावा. यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आणि ‘टॅक्स’ मागणारे मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, आणि अ‍ॅप फोनवरून काढून टाकण्याआधीच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा.