लग्नाच्या निमंत्रणास नकाराचे उत्तर : सातवीच्या पत्रलेखनाचा एक पाठ

लग्नपत्रिकेस होकाराचे उत्तर कोणीही लिहितो. नकाराचे मात्र बहुधा लिहिलेच जात नाही. 'जाता येत नाही, मग लिहावयाचे काय?' असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो. प्रस्तुत लेखकानेही एकदा असेच केले. यजमानांनी शेवटच्या पंगतीपर्यंत वाट पाहिली आणि पुढे कित्येक वर्षे त्या घराशी येणेजाणे उरले नाही. दूरच्या नात्यात हा धोका अधिक असतो. सख्खा भाऊ भांडून मोकळा होतो. दूरचा आप्त काही बोलत नाही, फक्त पुढच्या कार्याला बोलावीत नाही.

वर्गात पुढील प्रसंग द्यावा. वडिलांच्या चुलत आत्याचे चिरंजीव संगमनेरास राहतात. त्यांच्या मुलीचे लग्न १२ मे रोजी आहे. त्याच दिवशी साताऱ्यास आजीच्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. वडिलांच्या वतीने उत्तर लिहावयाचे आहे.

मुलांचे पहिले मसुदे फळ्यावर घ्यावेत. त्यांत दोन प्रकार हमखास आढळतील. पहिला असा : 'काही अपरिहार्य कारणामुळे उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व.' ही रजेच्या अर्जाची भाषा झाली. कारण लपविले आहे, असा वास तिला येतो. दुसऱ्या प्रकारात कारणांची रांग असते : आजीचे डोळे, शेतातील कामे, एस. टी.ची गैरसोय, आणि शेवटी 'तरी जमल्यास येऊ'. यजमान यांतील सर्वांत दुबळे कारण धरून म्हणतात, "गाडी मी पाठवतो." कारण एकच द्यावे, खरे द्यावे, आणि यजमानांच्या मनात साहजिकच उठणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात असावे. येथे तो प्रश्न 'तारीख पुढे का ढकलत नाही?' हा आहे. 'जमल्यास येऊ' हे तर सर्वथा टाळावे, कारण पाने किती मांडावयाची हे यजमानांना ठरवावयाचे असते.

मायन्याकडेही लक्ष वेधावे. 'तीर्थरूप' हे केवळ आईवडिलांस. इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप'. या चर्चेनंतर उत्तर साधारण असे उतरेल :

'ती. स्व. दादांस, साष्टांग नमस्कार, वि. वि.

चि. सौ. कां. सुमनच्या विवाहाची पत्रिका काल पोहोचली. घरात सर्वांस फार आनंद झाला. परंतु १२ तारखेस आम्हांस येता येणार नाही. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नेमकी त्याच दिवशी साताऱ्यास आहे. दोन महिने थांबून ती तारीख मिळाली असल्याने मी व सौ. दोघेही तिच्याजवळ राहणार आहोत. काळजीचे कारण नाही.

गेल्या दिवाळीत सुमनने आईजवळ बसून वाती वळून दिल्या होत्या, ती आठवण आई अजून काढते. तिने सुमनसाठी साडी घेऊन ठेवली आहे. ती टपालाने न पाठवता स्वतःच्या हातांनी द्यावी, अशी तिची इच्छा आहे. तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात जावईबापूंसह सुमनला एक दिवस आमच्याकडे पाठवावे. मी आठ दिवस आधी फोन करीन.

कार्य निर्विघ्न पार पडो. ती. स्व. वहिनींस नमस्कार, वधूवरांस अनेक आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ'

मुलांना विचारावे, यातील कोणते वाक्य काढले असता पत्र कोरडे होईल? बहुतेक मुले 'फार आनंद झाला' हे दाखवितात. पण ते वाक्य कोणत्याही घरी पाठविता येते. वातींचे वाक्य फक्त सुमनच्या घरीच जाऊ शकते. दूरच्या नात्यात अशी आठवण लिहिणाऱ्याजवळ नसते, हे खरे. म्हणून मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांना विचारून यावे. (या निमित्ताने त्यांना कितीतरी नाती प्रथमच कळतात.) आठवण मिळालीच नाही तर बनवू नये, ज्येष्ठांची नावाने विचारपूस पुरे.

'काळजीचे कारण नाही' हे छोटे वाक्यही पाहण्यासारखे आहे. मंगलकार्याच्या घरी दुखण्याचे वर्णन पाठवू नये, तेवढ्यावर थांबावे. तसेच 'कधीतरी या' यापेक्षा 'जूनचा पहिला आठवडा' हे निमंत्रण खरे वाटते. मात्र ते पाळता येणार असेल तरच लिहावे. आठ दिवस आधीचा फोन आला नाही, तर आधीचा नकारही खोटा ठरतो.

आता अशी उत्तरे बहुधा मोबाइलवरच जातात. मायना थोडा आखूड झाला तरी चालेल. मजकूर तोच ठेवावा. पत्रिका नातेवाइकांच्या गटात आली असली, तरी नकार त्या गटात लिहू नये, यजमानांस स्वतंत्र पाठवावा. चारचौघांत एकाचा नकार वाचून दुसराही लिहू लागतो, आणि लग्नघरी नकारांचीच माळ लागते. पुढील तासिकेस मुलांनी हेच उत्तर धाकट्या आप्तास लिहून आणावे. मायना, सर्वनामे व शेवट कसे बदलतात, ते तेथे तपासावे.