खिचडी तीच, पण पोटात किती पोहोचते?

हिंगणघाट तालुक्यातून एका आजींनी विचारलं आहे: "नातू तीन वर्षांचा आहे, वजन दहा किलो. गिळताना ठसका लागतो म्हणून पोटात नळी बसवली, त्याला चार महिने झाले. घरचंच अन्न मिक्सरमधून काढून देतो. घट्ट केलं की नळी अडकते, म्हणून पाणी वाढवतो. दिवसभर भरवणं चालू असतं, तरी वजन वाढत नाही. डब्यातली पावडरच द्यावी लागेल का?"

आजी, अडचण घरच्या अन्नात नाही. गडबड झाली आहे ती पाणी वाढवण्यात. पण त्याआधी नळीचं बघू.

नळीवर एक नंबर छापलेला असतो. 14 नंबरची नळी बाहेरून साधारण पावणेपाच मिलिमीटर जाड असते आणि तिच्यातून बारीक वाटलेलं अन्न जाऊ शकतं. नाकातून घातलेली 8 नंबरची नळी बाहेरून पावणेतीन मिलिमीटरच असते आणि आतली वाट त्याहून अरुंद, त्यामुळे तिच्यात खिचडी हमखास अडकते. नळीचं टोक पोटाच्या पुढे, आतड्यात असेल, बाळ सहा महिन्यांहून लहान असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल, तर घरचं वाटण परस्पर सुरू करू नये. तुमच्या नातवाची नळी पोटात आहे, ती बसवून चार महिने झाले आहेत. तरी नंबर आणि नळीची जागा डॉक्टरांकडून एकदा पक्की करून घ्या.

आता हिशेब. समजा आहारतज्ज्ञांनी त्याला दिवसाला 800 कॅलरी सांगितल्या आहेत. 20 ग्रॅम तांदूळ, 15 ग्रॅम मुगाची डाळ आणि दोन चमचे (10 ग्रॅम) तेल, यांच्या खिचडीतून साधारण 210 कॅलरी मिळतात. निम्म्याच्या आसपास तर एकट्या तेलाच्या. ही खिचडी सव्वादोनशे मिलीत बसवली, तर तीन वेळा दिल्यावर 630 होतात. दोन वेळा दीड-दीडशे मिली गाईचं दूध दिलं की आणखी दोनशेच्या आसपास. म्हणजे गरज भागली.

तीच खिचडी पाणी घालून अर्धा लिटर केली, तर बाळाच्या पोटात एका वेळी सव्वादोनशे मिलीच मावणार. म्हणजे 210 ऐवजी 95 कॅलरी पोहोचल्या, उरलेल्या पातेल्यात राहिल्या. वर गाळणीत डाळीचा चोथा अडकला, तर प्रथिनंही तिथंच गेली. वरणाचं नुसतं पाणी हे पौष्टिक अन्न आहे, ही समजूत इथंच फसते. पोट भरलेलं दिसतं, पण बाळ उपाशी असतं.

मग पाणी न वाढवता पातळ कसं करायचं? अन्न घट्ट होतं ते तांदळाच्या पिठूळ भागानं, म्हणजे स्टार्चनं. गव्हाला मोड आले की त्यात स्टार्च तोडणारा पाचक पदार्थ तयार होतो. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात लहान मुलांच्या पेजेसाठी हीच युक्ती अभ्यासली होती.

गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या. मग उन्हात कडकडीत वाळवा, चोळून कोंब काढा आणि दळून घ्या. खरपूस भाजू नका, भाजलं की तो पाचक पदार्थ मरतो. आणि ज्वारीला मोड आणू नका. आपल्याकडे ज्वारी घरोघरी असते म्हणून मुद्दाम सांगते, तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारा पदार्थ असतो.

खिचडी मऊ शिजवून, कोमट असताना तेलासकट खूप वेळ मिक्सरमधून फिरवा. तेल नंतर वरून घातलं तर ते तरंगतं आणि नळीला चिकटतं. बारीक गाळणीतून काढा. गाळणीत चमचाभराहून जास्त उरलं, तर टाकू नका, पुन्हा फिरवा. मग गरम करा, उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा आणि मोडाच्या गव्हाचं अर्धा चमचा पीठ ढवळा. दहा मिनिटांत पळीवरून ओघळणारं घट्ट वाटण दुधासारखं सैल झालेलं दिसेल. नंतर दोन-तीन मिनिटं पुन्हा उकळायलाच हवं, कारण मोड आणताना धान्यात जंतूही वाढतात. शेवटी कोमट होऊ द्या.

जमलं का ते मोजता येतं. 10 मिलीच्या सिरिंजचा दांडा काढा, टोकाला बोट लावून 10 खुणेपर्यंत वाटण भरा, बोट काढा आणि मनात सावकाश दहा मोजा. आत 1 ते 4 मिली उरलं तर छान. 8 मिलीहून जास्त उरलं, तर ते नळीत घालूच नका. दांड्यानं जोर लावून ढकलणं सर्वांत वाईट, त्यानं नळी फाटू शकते. अडकलीच तर कोमट पाण्यानं हलकेच मागे-पुढे करा. तार घालू नका, थंड पेयंही ओतू नका. भरवण्याआधी आणि नंतर 10 ते 20 मिली उकळून गार केलेलं पाणी सोडलं, तर बहुतेक वेळा अडकतच नाही. औषधं वाटणात न मिसळता वेगळी द्या, त्यांच्या आधी-नंतरही पाणी सोडा.

वर्ध्याच्या मे महिन्यातल्या उन्हात तयार वाटण तासभरापलीकडे बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवलं तर 24 तासांत संपवा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर टाकून द्या. मिक्सरच्या भांड्याचं पातं आणि खालचं रबर रोज सोडवून धुवा. त्या रबराखाली कालची खिचडी हमखास सापडते.

भरवताना बाळाचं डोकं आणि छाती वर ठेवा, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. ठसका, धाप किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

आता कमतरतेचं. खिचडी-दुधात लोह, बी12 आणि ड जीवनसत्त्व पुरेसं येत नाही. मीठही बरेचदा घालायचंच राहून जातं, आणि मग रक्तातलं सोडियम घसरून बाळ सुस्त पडतं. मीठ किती, थेंब कोणते, हे आहारतज्ज्ञांनी लिहून द्यायला हवं. पूर्ण उकडलेलं अंडं आणि शिजवलेली भाजी वाटणात घालता येते, पण टोमॅटो-पेरूच्या बिया नकोत. पावडर वाईट नाही. परवडत असेल तर दिवसातली एखादी वेळ तिची ठेवली, की या उणिवा थोड्या भरतात.

बाळ फार वाळलेलं असेल, तर कॅलरी एकदम वाढवू नका. उपाशी शरीरावर अन्नाचा अचानक मारा झाला, तर रक्तातले क्षार बिघडतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, जिथं जाणं सोयीचं तिथल्या बालरोग विभागात आधी दाखवा.

घरी एक वही ठेवा. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच काट्यावर, कमी कपड्यांत वजन घ्या, अंगणवाडीचा काटाही चालेल. दिवसात किती वेळा लघवी झाली, शी कशी होती, उलटी झाली का आणि किती मिली पोटात गेलं, तेही लिहा. लघवी कमी आणि पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय, ते दोन जेवणांच्या मध्ये वेगळं द्या. दोन-तीन आठवड्यांत काटा हलला नाही, किंवा वजन उतरलं, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आहारतज्ज्ञांना पातेल्यातली खिचडीही डब्यात भरून दाखवा.