तारीख कोणाची हलते?

धुळ्याच्या महाविद्यालयात पदव्युत्तर भूगोल शिकवताना दर हिवाळी सत्रात कोणीतरी मुलगा दोन कागद घेऊन समोर येतोच. एका हातात विद्यापीठाचं वेळापत्रक, दुसऱ्या हातात नेटचं. "सर, दोन्ही पेपर एकच दिनले शेतस." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यापुढे काय करायचं, याबद्दल काही गोष्टी हळूहळू मनात पक्क्या होत गेल्या.

1. दोन तारखांपैकी हलू शकते ती कोणती, हे आधी पाहावं लागतं. मुलांची समजूत उलटी असते. त्यांना वाटतं, दिल्लीची परीक्षा मोठी, तिथं एवढे लोक ऐकायला बसलेले असतील, ते नक्की ऐकतील. मोठ्या परीक्षा हलतात, नाही असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 25 तारखेला होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसची लिपिक पदाची परीक्षा. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, राजकीय पाठिंबा आला आणि 22 ऑगस्टला आयोगानं परीक्षा पुढे ढकलली. ती शेवटी 1 डिसेंबरला झाली. जानेवारी 2025 मध्ये नेटचे 15 तारखेचे पेपरही संक्रांत आणि पोंगलमुळे 21 आणि 27 तारखेला गेले. पण दोन्ही वेळा मागे हजारो उमेदवार होते. आमच्या वर्गातल्या दहा-बारा जणांसाठी राष्ट्रीय परीक्षा हलत नाही आणि एकट्यादुकट्याला वेगळा दिवस मिळत नाही. दहा-बारा जणांसाठी हलू शकते ती विद्यापीठाच्या एका पेपरची तारीख, कारण तो पेपर तीन जिल्ह्यांतल्या मोजक्याच केंद्रांवर असतो. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात विद्यापीठ सुरू झालं त्याआधी खान्देशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा असा अर्ज पुण्याला जायचा. आज धुळ्याहून सकाळी निघालेला विद्यार्थी पारोळा-एरंडोलमार्गे दुपारच्या आत बांभोरीच्या परिसरात पोचून परीक्षा विभागात कागद देऊ शकतो. जवळ आलेल्या विद्यापीठाचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. तो घ्यायला मुलं कचरतात, याचं वाईट वाटतं.

2. एकाच दिवशी पेपर आले तरच अडचण होते, असं नाही. नेटच्या अर्जात परीक्षेसाठी चार शहरं पसंतीनं द्यायची असतात. धुळे किंवा जळगाव लिहिलं तरी केंद्र तिथेच मिळेल याची हमी नसते. नाशिक मिळालं आणि पेपर सकाळी 9 च्या सत्रात असला, तर आदल्या रात्रीच नाशिकला मुक्काम करावा लागतो. आता समजा, आदल्या दिवशी दुपारी 2 ते 5 या वेळात शहाद्याच्या केंद्रावर विद्यापीठाचा पेपर आहे. कागदावर दोन वेगळे दिवस, मध्ये सोळा तास. पण शहाद्याहून धुळ्याला यायचं, तिथून पुढे दीडशेहून जास्त किलोमीटर, रात्रीची एसटी, आणि सकाळी केंद्राच्या दारावर तपासणीसाठी वेळेआधी हजर. धडगावची मुलगी असेल तर ती रात्री एकटी कुठे उतरणार, हाही प्रश्न आहे. वेळापत्रक बनवणाऱ्याला हे दिसत नाही, दिसण्याचं कारणही नाही. ते आपण लिहून द्यावं लागतं. गाडीची वेळ, अंतर, केंद्राचं गाव अशा साध्या शब्दांत. "प्रवास गैरसोयीचा होतो" या वाक्यानं टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

3. निवेदनाचं वजन सह्यांच्या लांबीवर नसतं. मुलांना वाटतं, दोनशे सह्या घेतल्या की काम होईल. मग ज्यांचा नेटशी काही संबंध नाही अशा मित्रांच्याही सह्या येतात आणि विभागातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "यातले खरे किती?" आमच्याकडे एका सत्रात तिसऱ्या सत्राच्या भूगोलाचा एक पेपर नेमका नेटच्या भूगोलाच्या दिवशी आला. तेव्हा आम्ही अकराच नावं दिली. प्रत्येकापुढे परीक्षा क्रमांक, महाविद्यालय, नेटचा अर्ज क्रमांक आणि सत्र सकाळचं की दुपारचं. वर पेपरचं नाव आणि विषय सांकेतांक, कारण वेळापत्रक बदलायचं असेल तर ते सांकेतांकावरूनच बदलतं, नुसतं "भूगोलाचा पेपर" म्हणून नाही. सोबत नेटच्या विषयवार वेळापत्रकाचं ते एक पान. अर्ज प्राचार्यांमार्फत, परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे. आवक विभागात शिक्का मारून पोच घेतलेली प्रत जपून ठेवलेली.

खरी अडचण वेळेची असते. नेटचं विषयवार वेळापत्रक साधारण दोन आठवडे आधी येतं, शहराची चिठ्ठी त्यानंतर, आणि प्रवेशपत्र तर परीक्षा तोंडावर आल्यावर. विद्यापीठाचं वेळापत्रक त्याआधीच लागलेलं असतं. प्रवेशपत्राची वाट पाहत बसलं तर अर्ज जाईपर्यंत केंद्रांची सगळी तयारी झालेली असते. म्हणून आम्ही विषयवार वेळापत्रक आलं त्याच दिवशी पहिला अर्ज दिला आणि "प्रवेशपत्रं मिळताच जोडू" असं त्यात स्पष्ट लिहिलं. विद्यापीठाचं कच्चं वेळापत्रक हरकतींसाठी महाविद्यालयांकडे आलं, तर तो काळ सगळ्यात चांगला. नेटच्या एकूण कालावधीची घोषणा तेव्हा बहुधा झालेली असते. नेमका दिवस माहीत नसला तरी "या आठवड्यांत पदव्युत्तर पेपर शक्यतो टाळावेत" एवढं तरी तेव्हा सांगता येतं.

4. वेळापत्रकातला रिकामा दिवस बहुतेक वेळा रिकामा नसतो, हे मला उशिरा आणि एका मुलीकडून कळलं. त्या अकरा नावांच्या अर्जात आम्ही पर्यायी तारीखही सुचवली होती. दोन पेपरांच्या मध्ये एक दिवस मोकळा दिसत होता, तो. अर्ज निघण्याआधी मी वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी माझा पहिल्या सत्राचा बॅकचा पेपर आहे." हिवाळ्यात तिसऱ्या सत्राबरोबर पहिल्या सत्राच्याही परीक्षा असतात आणि त्या एक दिवसाआड अशा लावल्या जातात, ज्यांचे जुने विषय राहिलेत त्यांना दोन्ही देता यावेत म्हणून. आम्हाला मोकळा दिसणारा दिवस तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या इतर महाविद्यालयांतल्या कितीतरी जणांसाठी, भरलेला होता. ती नेटला बसलेली नव्हती. तिला आमच्या मागणीतून काहीच मिळणार नव्हतं, उलट तिचं सत्र बुडालं असतं. आणि तरी ती विरोध करायला उठली नव्हती, दुसरा दिवस शोधू या म्हणत होती.

मग आम्ही सगळे वेळापत्रक पसरून बसलो. त्याच दिवशी वेगळ्या वेळेला घेता येईल का? पहिल्या सत्राचा पेपर सकाळी, आपला दुपारी? वेळ बसत होती, पण एकाच दिवशी सहा तास लिहायला लावणं तिच्यावर अन्याय होता. शेवटच्या पेपरनंतर ठेवावा? तिथं भूगोलाची प्रात्यक्षिकं सुरू होणार होती, त्यांसाठी बाहेरचे परीक्षक ठरलेले, आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या तारखा वेगळ्या. शेवटी सगळ्या लेखी पेपरांनंतर आणि पहिल्या प्रात्यक्षिकाआधी एक शनिवार सापडला. तोच एक दिवस कोणाच्याही आड येत नव्हता. अर्जात आम्ही तो दिवस का, आणि आधीचे दोन पर्याय का सोडले, हे चार ओळींत लिहिलं. पुढे परीक्षा विभागातल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यानं मला सांगितलं की त्या चार ओळींमुळे फाईल लवकर पुढे गेली, कारण तो हिशोब नाहीतर त्यांनाच करावा लागला असता.

तारीख फार लांब नेण्याला आणखी एक मर्यादा आहे, ती मुलांच्या लक्षात येत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार निकाल शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत लावायचा असतो. एक पेपर पंधरा दिवस पुढे गेला की शेवटचा पेपर तोच ठरतो. सगळ्यांच्या निकालाची मोजणी तिथून सुरू होते. पुढचं सत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, बी.एड.चे प्रवेश असं सगळंच त्यामागे सरकतं. म्हणून मागायचं ते जवळात जवळचा दिवस.

5. तारीख बदलल्यावरही काम उरतं. सुधारित वेळापत्रक आलं तेव्हा आमच्या मुलांना लगेच कळलं, कारण ती वाटच पाहत होती. पण हा पेपर देणारी मुलं नंदुरबार जिल्ह्यातही होती, आणि त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं पेपर अचानक गायब झाला होता. काही जण जुन्या तारखेला केंद्रावर जाऊन उभे राहिले असते. म्हणून आमच्या मुलांनी त्या पेपरच्या प्रत्येक केंद्रावर फोन केला, आणि जिथं ओळख होती तिथं मुलांपर्यंतही निरोप पोचवला. याच दिवसांत मोबाइलवर खोटी परिपत्रकंही फिरतात, जुन्या पत्रावर तारीख बदलून. खरं ओळखायचं तर जावक क्रमांक, दिनांक आणि सांकेतांक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या प्रतीशी जुळवून पाहायचा. संकेतस्थळावर नसेल तर जुनीच तारीख खरी धरायची.

6. एका वर्षी एका मुलासाठी तारीख हलली नाही. तेव्हा नेटची तारीखच फार उशिरा जाहीर झाली होती आणि पेपर अनेक विषयांच्या मुलांना सामाईक होता. एकाच्या सोयीसाठी शेकडो जणांना हलवावं लागलं असतं. तो नकार मला मान्य होता, पण त्या मुलासाठी जीव तुटत होता. नेट वर्षातून दोनदा होते, म्हणजे एक संधी गेली की सहा महिने. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला वयाची अट 30 आहे, राखीव प्रवर्गांना आणि महिलांना 5 वर्षांची सवलत. त्याचं वय तेव्हा 23 होतं. मी त्याला सांगितलं की विद्यापीठाचा पेपर दे. तो बुडाला तर बॅकचा पेपर पुढच्या हिवाळ्यात, आणि मधल्या काळात पदवी अडकते. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षात नेट उत्तीर्ण झालं तरी दोन वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावीच लागते, हेही त्याला समजावलं. वय तिशीला टेकलेला विद्यार्थी असता, तर कदाचित मी उलटं सांगितलं असतं. त्यानं पेपर दिला. पुढच्या नेटचा अर्ज निघाला तेव्हा त्यानं पहिली पसंती जळगाव लिहिली, दुसरी धुळे, आणि भरलेला अर्ज दाखवायला तो माझ्याकडे आला.